फोटोत न दिसलेला मायनस

"डाउटचा फोटो थोडा ब्लर असला नाहीतर कडेनी कापला गेला तरी काही बिघडत नाही. विषय येत असेल तर सरांना प्रश्न कळतोच. पर्याय असतातच जुळवायला. आणि आता फोन फोटो क्लिअर पण करून देतो. 'फोटो परत पाठव' म्हणणारे सर टाळाटाळ करतात."

हा मेसेज या आठवड्यात मला पालकांच्या चार ग्रुपवर आला. मी दहावीचं गणित शिकवतो, रोज रात्री मुलांचे पंधरा-वीस फोटो येतात, त्यामुळे यावर नीटच लिहितो.

आधी पर्यायांचं बघू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि मी पण फसलोय. प्रिलिमच्या आदल्या रात्री एका मुलीने अंकगणिती श्रेढीचा प्रश्न पाठवला. फोटो हललेला होता. मला दिसलं a = ८, d = ३, दहावं पद काढा. सूत्र टाकलं, ८ + ९ × ३ = ३५. पर्याय बघितले: −१९, ३५, −२२, ३८. पस्तीस आहे, म्हणजे बरोबर, दिलं पाठवून. तिने ते पाच मैत्रिणींना फॉरवर्ड केलं. दुसऱ्या दिवशी क्लासमधे पुस्तक उघडलं तर d = −३. उत्तर −१९.

आता ते चार पर्याय परत बघा. −१९ बरोबर. ३५ म्हणजे ज्याने मायनस विसरला त्याच्यासाठी. −२२ म्हणजे ज्याने ९ ऐवजी १० ने गुणलं त्याच्यासाठी, आणि ३८ म्हणजे ज्याने दोन्ही चुका केल्या त्याच्यासाठी. पेपर काढणारा माणूस चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही, मुलं जिथे चुकतात तिथूनच उचलतो. आणि ब्लर फोटो तुमच्याकडून नेमकी तीच चूक करून घेतो, चिन्ह खातो, घात खातो, दशांशचिन्ह खातो. म्हणजे चुकीचं वाचून बरोबर गणित केलं की उत्तर हमखास एखाद्या पर्यायाशी जुळतं. जुळलं म्हणून वाचलेलं बरोबर होतं असं म्हणताच येत नाही.

पर्यायांचा काहीच उपयोग नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच प्रश्नात समजा मला मायनस दिसला असता पण मी ८ चा ३ वाचला असता, तर उत्तर −२४ आलं असतं, ते चारांत कुठेच नाही, मी लगेच थांबलो असतो. अडाणी चूक पर्याय पकडतात. पेपर काढणाऱ्याने आधीच ओळखलेली चूक ते पकडत नाहीत.

आता मायनसच का जातो, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. ए-फोर कागदाची उंची २९७ मिमी. पूर्ण पानाचा फोटो काढला आणि पाठवताना तो लहान होऊन लांब बाजू समजा १६०० पिक्सेलची उरली, तर एका मिलिमीटरला साडेपाचच्या आतबाहेर पिक्सेल मिळतात. छापील मायनसची आडवी रेघ साधारण ०.२ मिमी जाड असते, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो. त्यात पानाच्या बाजूला टेबल, चादर, पेन्सिल बॉक्स सगळं फोटोत घेतलं की तो एकाचा अर्धा होतो. आणि फोटो काढताना हात वरखाली चारेक पिक्सेल जरी हलला तरी त्या एका पिक्सेलचा काळा रंग पाच पिक्सेलांवर पसरतो, रेघेचा फिकट ढग होतो, मग फोटो लहान करताना फोन असे फिकट बारकावेच आधी टाकून देतो कारण जागा वाचवायची असते. प्लसला उभी रेघ असते, वरखाली हललं तरी ती टिकते. ३ किंवा ८ मोठा असतो, तो पण ओळखू येतो. मायनसला आडव्या रेघेशिवाय काही नाहीच, म्हणून अख्खी ओळ छान वाचता येते आणि तेवढंच गायब होतं. फोटोत मोकळी जागा दिसते, आणि मोकळी जागा बघून कुणालाच शंका येत नाही. घातातल्या आकड्यांचं तसंच, ते मुळातच लहान टायपात छापलेले असतात.

"विषय येत असेल तर कळतोच" याच्याबद्दल माझं मत तर उलटंच आहे. ज्याला विषय येतो तो जास्त जोरात चुकतो. नवशिका एकेक अक्षर वाचतो, अडतो, विचारतो. मी वीस वर्षांत हजारो श्रेढी बघितल्यात, a = ८, d = ३ वाचलं की ८, ११, १४ डोळ्यासमोर येतंच, मधे काही गेलंय का हे डोळे बघतच नाहीत, मेंदू ओळखीचा प्रश्न भरून मोकळा होतो.

मराठी प्रश्नांत तर कापलेल्या फोटोचा धोका अजून मोठा आहे, कारण आपल्या भाषेत "नाही" वाक्याच्या शेवटी येतं. "खालीलपैकी कोणती संख्या अपरिमेय नाही?" उजवी कड कापली की उरतं "खालीलपैकी कोणती संख्या अपरिमेय", आणि वाचणारा मनातल्या मनात "आहे" लावून टाकतो. अख्खा प्रश्न उलटा. इथे एक खूण मात्र मिळते: √३, √५, √७, √१६ असे पर्याय असतील तर तीन अपरिमेय निघतात, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर येतायत म्हणजे कडेला काहीतरी गेलंय. पण दोनच विधानं असतील आणि त्यातलं एक निवडायचं असेल तर ही खूण पण मिळत नाही.

कापलेल्या फोटोत सगळ्यात वाईट असतात टेबलं. एक खरंखुरं गणित करून दाखवतो. ५० विद्यार्थ्यांचे गुण, मध्य काढा. फोटोत दिसतात चार ओळी: ०–१० मधे ४, १०–२० मधे १०, २०–३० मधे १६, ३०–४० मधे १४. खाली फोटो संपला. घाईत कुणी वर्गमध्य गुणिले वारंवारता करून बेरीज १०६० काढली, प्रश्नात ५० विद्यार्थी म्हटलंय म्हणून ५० ने भागलं, २१.२ आलं. एकदम स्वच्छ उत्तर, संशयाला जागाच नाही. पण वारंवारतांची बेरीज करून बघा, ४४ होते. सहा मुलं कुठे गेली? ती कापलेल्या भागात आहेत.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, ४०–५० मधे ६ धरू. तसं धरलं तर एकूण १३३०, मध्य २६.६. पण खाली एकच ओळ होती हे कशावरून? ४०–५० मधे ४ आणि ५०–६० मधे २ असतील तरी पन्नास पूर्ण होतात, तेव्हा एकूण १३५० आणि मध्य २७. बेरजेवरून किती गेलंय ते कळतं, कुठे गेलंय ते कळत नाही. इथे उत्तर देताच येत नाही.

फोन फोटो क्लिअर करतो त्याबद्दल. तो कडा गडद करतो, बस. जे कॅमेऱ्यात शिरलंच नाही ते तो परत आणू शकत नाही, आणलंच तर अंदाजाने आणतो, आणि अंदाज जितका सुबक तितका जास्त घातक. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर मशीनवर घराचा नकाशा स्कॅन केला की त्यातले आकडेच बदलत होते. तीन खोल्यांचं क्षेत्रफळ मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होतं, स्कॅनमधे तिन्हीवर १४.१३. कारण मशीन जागा वाचवायला सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाची प्रत दुसऱ्याच्या जागी चिकटवत होतं. आकडे अगदी ठसठशीत होते, ब्लर अजिबात नाही. ब्लर आकडा निदान ओरडून सांगतो की मला नीट बघ. हा गप्प बसून खोटं सांगत होता.

राहिली टाळाटाळ. "फोटो नीट नाही, परत पाठव" एवढंच लिहून गप्प बसणारे असतात, मान्य आहे, आणि मुलगी रात्री दहाला तसाच हललेला दुसरा फोटो पाठवते आणि दोघं वैतागतात. म्हणून मी आता काय दिसत नाही ते नेमकं लिहितो. त्या श्रेढीच्या प्रश्नाला आज असं उत्तर दिलं असतं:

"मला फोटोत a = ८, d = ▢३, दहावं पद, असं दिसतंय. चौकोनाच्या जागी चिन्ह आहे की मोकळी जागा ते कळत नाही. मायनस असेल तर −१९, नसेल तर ३५. पुस्तकात बघून तेवढं टाईप कर."

यात तीन गोष्टी आहेत. मी काय वाचलं ते तिला दिसतं, त्यामुळे मी दुसरीकडे कुठे चुकीचं वाचलं असेल तर ते पण तीच पकडते. जे वाचता आलं नाही त्याची जागा ठरते. आणि त्या जागेमुळे उत्तर बदलतं का ते कळतं. कधीकधी बदलत नाही. x² ▢ kx + ९ = ० ची मुळं समान असतील तर k किती, इथे k च्या आधी प्लस असो की मायनस, उत्तर ±६ च. तिथे मी लिहितो की चिन्ह दिसत नाहीये पण फरक पडत नाही, आणि पुढे जातो. एकच जागा धूसर असेल तर दोन्ही उत्तरं द्यायला हरकत नाही. तीन जागा असतील तर आठ उत्तरं होतात, तेव्हा मी सोडवत नाही, आधी विचारतो.

न दिसणं आणि कापलं जाणं हे पण वेगवेगळं लिहावं. शिलालेख वाचणाऱ्या लोकांनी १९३१ सालीच यासाठी खुणा ठरवून घेतल्या होत्या, लायडन पद्धत म्हणतात त्याला: अक्षर संशयित असेल तर त्याच्याखाली टिंब, आणि दगडच फुटून गेलेला असेल तर चौकटी कंस. मी मुलांसाठी धूसरला ▢ करतो आणि कापलेल्याला "[इथून पुढे फोटो संपला]" लिहितो.

आणि पालकांनो, हा मेसेज पुढे ढकलण्याआधी मुलांना एवढं सांगा. पूर्ण पान नको, प्रश्न फ्रेम भरून घ्या. वरती प्रश्नाचा नंबर आणि खाली पुढच्या प्रश्नाची पहिली ओळ फोटोत येऊ द्या, म्हणजे मधलं काही कापलं नाही हे मला दिसतं. आणि फोटोखाली आकडे आणि चिन्हं एका ओळीत टाईप करा. त्या मुलीने आता सवयच लावून घेतलीय, फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "a ८, d मायनस ३."