वीस सप्टेंबरचा मेसेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "लेख वाचला, पटला नाही. माझे वडील जाऊन सात वर्षं झाली. दरवर्षी त्या तारखेला दोन-तीन मित्रांचे मेसेज येतात आणि कसाबसा सावरलेला दिवस हातचा जातो. गेल्या वर्षी तर मीटिंगमध्ये होतो. ही खपली काढणं आहे. आठवण करून द्यायला आम्ही विसरलोय का? लोकांना आपण किती चांगले हे दाखवायचं असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. राहू द्या ना माणसाला त्याच्या दुःखासोबत."

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली आणि आज बुधवारी उत्तर लिहितेय. मधले तीन दिवस मी माझा लेख पुन्हा वाचला. त्यात एक मोठी गोष्ट राहून गेली होती. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना दरवर्षी त्या दिवशी मेसेज पाठवावा, एवढंच मी लिहिलं. तो कसा चुकतो हे लिहिलं नाही, आणि माझा स्वतःचा चुकला होता हे तर नाहीच. ते आज लिहिते.

माझ्या जिवलग मैत्रिणीची थोरली बहीण २० सप्टेंबर २०१२ ला गेली. त्या दिवशी ऋषिपंचमी होती. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर, त्यामुळे तिची ताई ती माझीही ताईच. लग्न होऊन चार वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी माणसं असतात. दहावं-तेरावं, मग महिन्याच्या महिन्याला काहीतरी, मग वर्षश्राद्ध. पण लग्न झालेल्या मुलीचं हे सगळं सासरी होतं. ताईचंही तिकडेच झालं, नवऱ्याच्या हातून. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं पान वाढलं जायचं तेही तिकडेच. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, ते योग्यच केलं, आणि मग माहेरच्यांनी त्या घरी जाणं हळूहळू थांबलं. माहेरी ताईच्या नावाचा असा काहीच विधी उरला नाही. माझी मैत्रीणही तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. सख्खी बहीण गेली आणि त्या दिवशी करायला तिच्या हातात काहीही नाही, अशी ती जागा होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

२०१५ साली ऋषिपंचमी १८ सप्टेंबरला आली. कॅलेंडरात बघितलं, ताईची आठवण आली आणि दुपारी बाराच्या सुमारास मी लिहिलं : "आज ताईची खूप आठवण येतेय गं. कशी आहेस? काका-काकू कसे आहेत? काळजी घे."

दोन दिवसांनी उत्तर आलं, "ठीक." सोबत जोडलेले हात. त्या एका शब्दावरून मला कळायला हवं होतं. मोकळी माणसं जेव्हा एका शब्दात उत्तर देतात, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलेलं असतं.

दिवाळीत भेट झाली तेव्हा तिनंच सांगितलं. ती चिडून बोलली नाही, पण मला ऐकवत नव्हतं. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली, मला प्रत्येक जण आई-बाबा कसे आहेत एवढंच विचारतो. मी म्हणजे त्यांच्या दुःखाची बातमी देणारी. माझी बहीण गेली असं कोणी म्हणतच नाही." आणि मग म्हणाली की मेसेज आला तेव्हा घरात दीड दिवसाचा गणपती निघायची गडबड होती, पंधरा माणसं जेवायला होती, हात ऋषीच्या भाजीच्या अळूनं खाजत होते. फोन वाजला म्हणून पाहिला आणि पुढचा तासभर ती मोरीत तोंडावर पाणी मारत उभी राहिली.

तुमची मीटिंग वाचली तेव्हा मला ती मोरी आठवली. तुमचा राग खरा आहे. माझ्या त्या मेसेजमध्ये तीन चुका होत्या. पहिली वेळेची. दुसरी, त्यात प्रश्न होते. प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं, आणि 'कशी आहेस' याचं त्या दिवशी खरं उत्तर देता येत नाही, खोटं द्यायची ताकद नसते. तिसरी मला सगळ्यात लाजिरवाणी वाटते. त्या मेसेजात ताई कुठेच नव्हती. 'खूप आठवण येते' हे माझ्याबद्दल होतं. ताईच्या जागी कोणाचंही नाव घातलं असतं तरी मजकूर तसाच राहिला असता. लोकांना आपलं चांगुलपण दाखवायचं असतं असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मनात ते नव्हतं, पण जिला तो मेसेज मिळाला तिला तसं वाटलं असतं तर तिची चूक नव्हती.

विसरलोय का, हा तुमचा प्रश्न. मुळीच नाही विसरत कोणी. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याची मुलगी सोफी जानेवारी १९२० मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं, असं त्यानं १९१७ च्या एका निबंधात मांडलं होतं. त्याचा मित्र लुडविग बिन्सवांगर याचा मुलगा गेल्यावर फ्रॉइडनं त्याला एप्रिल १९२९ मध्ये पत्र लिहिलं. त्यात त्यानं कळवलं की माझी गेलेली मुलगी आज छत्तीस वर्षांची झाली असती, आणि अशी जागा कशानंही भरून निघत नाही. नऊ वर्षांनंतरही बाप मुलीचं वय मोजत होता. म्हणून त्या दिवशीचा मेसेज आठवण 'करून देत' नाही. ती सकाळपासून तिथेच बसलेली असते. मेसेज फार तर एवढंच सांगू शकतो की या घराबाहेरही कोणीतरी त्या गेलेल्या माणसाला ओळखत होतं. चुकीच्या वेळी, चुकीच्या शब्दांत तो तेही सांगत नाही, फक्त दुखावतो.

दिवाळीच्या त्या भेटीत मी तिला एक गोष्ट विचारली. आधीच विचारायला हवी होती : कोणता दिवस? आपल्याकडे दोन दिवस असतात, तिथीचा आणि तारखेचा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२३ मध्ये ऋषिपंचमी नेमकी २० सप्टेंबरलाच आली होती. २०२५ मध्ये ती २८ ऑगस्टला आली, म्हणजे दोन्हींत तेवीस दिवसांचं अंतर. श्राद्ध तिथीनं होतं, म्हणून मी तिथी धरली होती. ती म्हणाली, "पंचमीला मला कॅलेंडर लागत नाही. उकडीचा वास आला, मांडवात स्पीकर लागले की पोटात कळतंच. पण तेव्हा घर भरलेलं असतं, मी त्यात स्वतःला ढकलून देते. वीस तारखेला मात्र मी एकटीच असते, आणि ती तारीख कोणालाच माहीत नसते." तेव्हापासून मी २० सप्टेंबर धरलाय. दुसऱ्या कोणी अगदी उलट सांगितलं असतं. म्हणून विचारायचं, आणि ते त्या दिवशी नाही, एरवी कधीतरी, समोर बसून.

२०१६ च्या वीस सप्टेंबरला मी रात्री साडेनऊनंतर लिहिलं, तिच्या घरातलं आवरलं असेल अशा वेळी. तो मजकूर तिच्या परवानगीनं देते :

"आज वीस तारीख. माळा आवरताना माझी सातवीची भूगोलाची वही सापडली. जूनमध्ये ताई आपल्या दोघींच्या वह्यांना खाकी कव्हरं घालायची, डिंक न लावता, कोपरे मुडपून. माझ्या वहीवर तिनं आधी 'भुगोल' लिहिलं होतं आणि मग त्याच पेनानं उकाराला शेपूट जोडून तो दीर्घ केला होता. कव्हर अजून सुटलेलं नाही. फोटो पाठवतेय, वाटेल तेव्हा बघ. उत्तर देऊ नकोस."

हे लिहायला मला पाऊण तास लागला. पहिल्या मसुद्यात शेवटी 'ताई जिथे असेल तिथे सुखात असेल' असं होतं, ते खोडलं, कारण ते मला माहीत नव्हतं. 'काळ हेच औषध' हेही खोडलं. राहिली ती वही. तिच्याकडे ताईचे शंभर फोटो होते, पण ही वही नव्हती. बहिणीबद्दल तिला ठाऊक नसलेलं काहीतरी चार वर्षांनंतर तिला मिळालं. ज्यांचं माणूस गेलेलं असतं त्यांच्यासाठी त्या माणसाच्या नव्या गोष्टी घडायच्या थांबलेल्या असतात. आपल्याकडे एखादी असेल तर ती आपल्यापाशी ठेवून घेणं मला आता चोरी वाटते.

रात्री पावणेबाराला तिचं उत्तर आलं. "तिचा भू कायम असाच असायचा. मराठीच्या बाई ओरडायच्या." आणि मग आणखी एक : "कव्हर काढू नकोस हं."

एवढं सांगूनही, तुमच्या बाबतीत मी तुमचंच ऐकेन. काहींना त्या तारखेला काहीच नको असतं. मृत्यू अचानक किंवा भयानक रीतीनं आला असेल तर ती तारीख माणसापेक्षा त्या प्रसंगालाच चिकटलेली असते, आणि तिथे बाहेरून हात लावू नये. अशा वेळी वाढदिवस बरा. फ्रॉइडच्या पत्रातला दिवसही मुलीच्या जन्माचाच होता. आणि कोणी 'नको' म्हटलं तर तिथेच थांबायचं, वाईट वाटून न घेता. तुमच्या मित्रांना हे एरवीच्या कुठल्या तरी दिवशी सांगा : "त्या दिवशी मेसेज नको, पण बाबांची काही गोष्ट आठवली तर नंतर कधीही सांग." ते थांबतील असं मला वाटतं. त्यांना दुसरी रीत माहीत नसेल, मलाही नव्हती.

तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, आणि मी ती मागणार नाही.

माझ्याकडे ताईच्या आठवणी मोजक्याच आहेत, मी काही त्यांच्या घरातली नव्हे. वहीची झाली, तिनं माझ्या वेणीत घातलेल्या अबोलीच्या वळेसराची झाली, पावसात बंद पडलेल्या लुनाची झाली. काही वर्षी सांगायला नवीन काहीच नसतं. तेव्हा मी रात्री साडेनऊनंतर फक्त एवढं लिहिते : "आज वीस तारीख. ताई." आणि फोन पालथा ठेवते.