‘बोला’ म्हणेपर्यंतचे एक वाक्य

“फोन केला की आधी काम सांगा. पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे, ही सगळी दुसऱ्याचा वेळ खाण्याची पद्धत आहे. परदेशात असे कोणी करत नाही.”
(जळगावच्या माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर लिहिलेला मजकूर)

परदेशात मी राहतो, भाचा नाही, आणि तरीही परदेशात काय चालते हे मला जळगावहून कळवले जाते, याचा राग आधी नोंदवून ठेवतो. श्टुटगार्टमध्ये माझ्या दिवसातला बराच वेळ फोनवर जातो. समोरचा माणूस फोन उचलून स्वतःचे आडनाव सांगतो, मी माझे सांगतो, दोघे शुभदिन म्हणतो आणि मी कारणाकडे वळतो. इथवर भाचा बरोबर आहे. मात्र इथे हे कोरडे वाटत नाही, कारण पलीकडच्याने पहिल्याच शब्दात आपली ओळख दिलेली असते आणि फोन कामासाठीच आला आहे हे दोघांनीही धरलेले असते. आमच्या रावेर तालुक्यात फोन उचलणारा नुसता ‘हां’ म्हणतो. त्या ‘हां’मधून तो शेतात आहे, लग्नात आहे की दवाखान्यात, यातले काहीच कळत नाही.

रावेरजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीची केळीची बाग आहे आणि व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे सोडवण्यात तिचा हात धरणारा घरात कोणी नाही. मागच्या उन्हाळ्यात तिने केलेला एक फोन मी शेजारी बसून ऐकला. आदल्या दिवशी वादळ होऊन गेले होते. “हॅलो भाऊ, मी बोलते. कालच्या वाऱ्यात तुमची बाग वाचली का?” पलीकडून उत्तर आले, “वाचली म्हणायची, कडेच्या दोन ओळी आडव्या झाल्या.” मावशी म्हणाली, “चला, दोनवर निभावले.” त्यावर तो म्हणाला, “हो ना. बोला मावशी, कसा काय फोन केला?” मग मावशीने मागच्या गाडीच्या रकमेची आठवण दिली, आणि ती देताना आवाजात तिळमात्र संकोच नव्हता.

या संभाषणात पैशांचा विषय काढायला जागा मावशीने केलेली नाही, ती व्यापाऱ्याने करून दिली आहे. पहिल्या प्रेमळ वाक्याचे खरे काम हेच असते: त्याला उत्तर दिल्यावर समोरच्याची पाळी अशा ठिकाणी संपते की ‘बोला’ म्हणणे त्यालाच स्वाभाविक वाटते, आणि एकदा त्याने विचारले की मागणारा आगंतुक राहत नाही. मावशीचा प्रश्न एका वाक्यात उत्तर देता येण्याजोगा होता, आदल्या दिवसाचा होता आणि त्या माणसाचाच होता. “कसे आहात?” असे तिने विचारले असते, तर “ठीक” एवढेच उत्तर येऊन संभाषण तिथेच उभे राहिले असते, किंवा त्याने सगळी दुखणी काढली असती आणि ती मध्येच तोडून पैसे मागणे फारच वाईट दिसले असते.

फोन ठेवल्यावर तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. व्यापारी जर म्हणाला असता की सगळी बाग झोपली, तर तिने त्या दिवशी पैशांचे नाव काढले नसते. वादळाची चौकशी करून फोन ठेवला असता आणि फोन चौकशीसाठीच होता असे दोघांनीही मानले असते. कारण आधी सांगून टाकले की मागे फिरता येत नाही.

इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६८ पासून फोनवरच्या सुरुवातींचा बारकाईने अभ्यास केला. ओळखीच्या माणसांत हाक आणि उत्तर, मग ओळख पटणे, मग नमस्कार, मग खुशाली अशी वाट सहसा असते आणि फोनचे कारण त्यानंतरच्या जागी येते, असे त्याने दाखवले. ती जागा येण्याआधी कारण पुढे आले की ऐकणाऱ्याला ते तातडीचे वाटते. भाच्याने नेमके इथेच चुकीचे अनुमान काढले आहे. गेल्या महिन्यात त्याने माझ्या बहिणीला, म्हणजे स्वतःच्याच आईला, दुपारी फोन करून हॅलोच्या पाठोपाठ “बाबांचे आधार कार्ड कुठे आहे?” असे विचारले, तेव्हा ती खुर्चीवरून उठली आणि “काय झालं त्यांना?” म्हणाली. त्याला फक्त एक फॉर्म भरायचा होता. खुशालीचे वाक्य वाचवले की वेळ वाचतो असे नाही. तो पुढे घाबरलेल्या माणसाला शांत करण्यात जातो.

लेखी निरोपाच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. नुसते ‘हॅलो’ पाठवून वाट पाहणाऱ्याला समजत नाही की तिथे ‘बोला’ म्हणायला पलीकडे कोणी बसलेले नसते. तिथे खुशाली आणि काम एकाच निरोपात लिहावे.

मूळचे धुळ्याचे आमचे एक शेजारी हे सगळे ऐकून फोनच्या बिलावर घसरले. एसटीडी बूथमध्ये डोळ्यांसमोर आकडे पळत असताना कोण पाऊस विचारणार, आम्ही काम सांगून फोन आपटत होतो, तुमची ही आपुलकी फुकट कॉलची आहे, असे ते म्हणाले. मी भुसावळच्या बूथबाहेर रांगेत उभा राहिलेला माणूस आहे आणि आतला आवाज बाहेर स्पष्ट ऐकू येत असे. “पानी पडना का?” हे वाक्य आकडे पळत असतानाही येई, एवढे मला आठवते. बाकी त्यांचे म्हणणे मला पूर्ण खोडता आलेले नाही.

कार्मेन तालेघानी-निकाझम यांनी इराणी आणि जर्मन लोकांच्या फोनवरील सुरुवातींची तुलना करणारा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध केला. इराण्यांसाठी जी खुशाली रिवाज असते, तिला जर्मन माणूस खरा प्रश्न समजून सविस्तर उत्तर देतो. तो लेख वाचताना मला इराणी माणसे खानदेशातलीच वाटली. याचा अर्थ जर्मन कोरडे असा मी लावत असे आणि गावी गेल्यावर तो ऐटीत सांगतही असे. त्यात आमचे लोक मनमिळाऊ असल्याचा अभिमान होता, पण तो अभिमान मी वर्षातून तीन आठवडेच वापरत होतो.

कारण असे की हे वाक्य बोलायला ताजी बातमी लागते. काल कुठे वारा सुटला, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, आखाजीला कोणाची लेक आली, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच ते जमते. सातबाऱ्याच्या नोंदीसाठी मला धाकट्या काकांना फोन करावा लागतो तेव्हा माझ्याकडे “सगळे बरे ना?” याशिवाय काही उरलेले नसते, आणि ते ऐकताच काका म्हणतात, “बोल, काय काम काढलं?” शब्द तेच असतात, पण व्यापाऱ्याने मावशीला विचारलेले ‘बोला’ असे ऐकू येत नव्हते. म्हणून अलीकडे मी काकांना फोन करण्याआधी बहिणीला फोन करतो आणि त्यांच्याकडे या आठवड्यात काय घडले ते विचारून घेतो. भाच्याला हे कळल्यावर त्याने याला ढोंग म्हटले. बहिणीचे म्हणणे वेगळे आहे: तिच्या मते गावात राहणारेही एकमेकांविषयीच्या बातम्या अशाच कोणाकडून तरी घेऊन फोन करतात, माझ्या बाबतीत फक्त ती कोणाकडून घेतली हे घरात सगळ्यांना ठाऊक असते.