रिपोर्टिंगची वेळ आणि जागेवर उभं राहायची वेळ

महोत्सवाच्या स्वयंसेवकांना ड्युटीचे मेसेज पाठवायचं काम मी काही वर्षं करतो आहे. पुन्हा सीझन जवळ आलाय आणि ग्रुपवर तेच जुने तक्ते फिरायला लागलेत: नाव, जागा, "८ ते १२". हे तक्ते पाहिले की मला एक शनिवार आठवतो. तुम्हीही असे मेसेज पाठवत असाल, तर तो तुम्हाला सांगायलाच हवा.

दोन नंबरच्या गेटवर दोन पाळ्या होत्या, ४ ते ८ आणि ८ ते १२, प्रत्येकीत दोन जण. मुख्य कार्यक्रम साडेआठला. मेसेज मीच लिहिला होता आणि चौघांनी तो अक्षरशः पाळला. पहिली जोडी ठोक्याला आठ वाजता निघाली, त्यातल्या एकीला पुढे घरी पोचायचं होतं. दुसरी जोडीही बरोबर आठलाच आली, पण मुख्य दारावर. तिथे सही केली, बिल्ला आणि जॅकेट घेतलं, दोन नंबरचं गेट कुठे ते विचारत विचारत गेले, तोवर आठ वीस झाले होते. मी चिडून फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "दादा, आम्ही आठला आलोच होतो की." आणि ते खरंच होतं.

त्या वीस मिनिटांचा हिशेब मी नंतर मांडला. तिकीट स्कॅन करून मनगटपट्टी बांधायला माणशी दहा सेकंद लागतात, म्हणजे दोघं मिळून मिनिटाला बारा जण आत सोडतात. त्या वेळी मिनिटाला साधारण आठ जण येत होते. वीस मिनिटांत एकशे साठ लोकांची रांग साचली. गेट सुरू झाल्यावरही नवे आठ येतच राहिले, त्यामुळे साचलेल्यांपैकी मिनिटाला फक्त चार कमी होत होते. रांग संपायला आणखी चाळीस मिनिटं लागली, म्हणजे नऊ वाजले. कार्यक्रम अर्धा तास आधीच सुरू झाला होता आणि पैसे देऊन आलेली माणसं बाहेर उभी होती. चूक स्वयंसेवकांची नव्हती. माझ्या मेसेजमध्ये "८" या एका आकड्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी लादल्या होत्या: मैदानावर पोचायची वेळ, गेटवर उभं राहायची वेळ आणि आधीच्या माणसाची सुटायची वेळ.

तेव्हापासून मी वेळा उलट्या मोजत येतो. आठला गेट नव्या जोडीच्या हातात हवं. त्याआधी पंधरा मिनिटं दोन्ही जोड्या शेजारी शेजारी उभ्या हव्यात, म्हणजे पावणेआठ. बिल्ला घेऊन चालत जायला पंधरा मिनिटं, म्हणजे मुख्य दारावर साडेसात. मेसेजमध्ये सगळ्यात वर साडेसातच जातात. "स्लॉट ८ ते १२" हे शब्द मी लिहीतच नाही, कारण घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडाच राहतो.

मधली पंधरा मिनिटं फुकट जातात असं कुणी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं. मी गेटवर उभा राहून ती पाहिली आहेत. जाणारी मुलगी येणाऱ्याच्या हातात स्कॅनर देते आणि सांगते, "चार्जिंग वीस टक्के आहे, पॉवर बँक टेबलाखाली. जांभळ्या पट्ट्या संपत आल्यात, दुसरं पाकीट मागवलंय, आलं की बघा. आणि छापील तिकिटाचा कोड ओला झाला असेल तर वाचला जात नाही, खालचा नंबर हाताने टाका." यातलं काहीही मला मेसेजमध्ये लिहिता आलं नसतं, कारण ते त्या संध्याकाळीच घडलेलं असतं.

आता माझा मेसेज असा असतो:

"ताई, शनिवारी संध्याकाळी ७:३० ला मुख्य दाराशी, स्वयंसेवक टेबलावर या. बिल्ला आणि जॅकेट तिथे मिळेल. ७:४५ पासून गेट २ वर आधीच्या जोडीसोबत उभ्या राहा, ८ ला गेट तुमच्या ताब्यात. काम: तिकीट स्कॅन करणं, मनगटपट्टी बांधणं. बॅगा तपासणं तुमचं काम नाही, ते सुरक्षारक्षक करतील. तिकिटावरून वाद झाला तर माणसाला बाजूच्या मदत टेबलाकडे पाठवा, रांग थांबवू नका. १० च्या सुमारास १५ मिनिटं सुट्टी, तेवढ्यापुरतं मी माणूस पाठवेन. रात्री ११:४५ ला गेट बंद, तुम्ही मोकळ्या. मिळालं की मला वेळ आणि जागा लिहून पाठवा."

आधीच्या जोडीच्या मेसेजमध्ये जास्तीची एक ओळ असते: पुढे कोण येणार त्यांची नावं, आणि रिलीव्हर समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. आठ वाजेपर्यंत कुणी आलं नाही तर मला फोन करायचा, दहा मिनिटांत मी माणूस उभा करतो. ही दहा मिनिटं मला पाळावीच लागतात, नाहीतर पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. म्हणून प्रत्येक पाळीत दोन जण कुठलीच जागा न देता राखून ठेवतो. माणसं कमी असतील तर मी एखादं सजावटीचं काम रद्द करतो, पण हे दोघं सोडत नाही.

मेसेजमध्ये गेट ११:४५ ला बंद होतं, बाराला नाही, याचंही कारण आहे. "शनिवारी रात्री १२" म्हणजे शुक्रवार संपतानाचे बारा की शनिवार संपतानाचे? एकदा सामान आवरायच्या पाळीसाठी मी "रविवारी रात्री १" लिहिलं होतं. तारखेच्या हिशेबाने ते बरोबर होतं. पण आपण बोलताना झोपायच्या आधीच्या रात्रीला शनिवारचीच रात्र म्हणतो, त्यामुळे तीन जण दुसऱ्या दिवशी रात्री एक वाजता रिकाम्या मैदानावर हजर झाले. आता अशा पाळ्या मी "शनिवारी रात्री ११:४५ ला या, रविवारी पहाटे ४ ला मोकळे" अशा लिहितो.

मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. साठ जणांना वेगळे मेसेज करायला माझी एक अख्खी संध्याकाळ जाते, पण तक्त्यात स्वतःचं नाव शोधताना माणूस हमखास वरची किंवा खालची ओळ वाचतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर मी विसंबत नाही, कारण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, आणि नव्या स्वयंसेवकांकडे तो नसतोच. निळ्या टिका दिसल्या म्हणूनही मी निर्धास्त होत नाही. अंगठा तर न वाचताही येतो. "७:३०, मुख्य दार" असं परत लिहून आलं की मग मी वहीत खूण करतो.

आणि वेळ बदलली तर बदललेली ओळ एकटी पाठवू नका. पूर्ण मेसेज पुन्हा पाठवा, वर लिहा "आधीचा रद्द, हा धरा", आणि परत उत्तर मागा. लोकांनी पहिल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतो आणि मैदानावर नेटवर्क नसलं की तोच उघडला जातो. शुक्रवारी रात्री ज्याचं उत्तर आलेलं नसतं, त्याला मी फोन करतो. गेल्या वेळी असे सात जण होते. त्यातल्या दोघांनी यायचं रद्द केलं होतं, आणि राखीव दोघं त्यांच्या जागी गेले.