न विकल्या गेलेल्या मिसळीचा हिशोब

फिरत असलेला मेसेज असा आहे:

«१. कर म्हणजे लोकांच्या खिशातून सरकारच्या तिजोरीत. जितकं तिजोरीत गेलं तितकं लोकांचं नुकसान, हिशोब संपला.
२. म्हणून कर चैनीच्या वस्तूंवर लावा. लोकांनी घेणं सोडलं तर कर भरावाच लागत नाही, नुकसान शून्य.
३. गरजेच्या वस्तूवर कर लावला की लोकांना सुटका नाही. अर्थव्यवस्थेचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.
४. १० टक्क्यांचे २० केले तर झळ दुप्पट. त्यात अर्थशास्त्र कसलं?»

ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा येऊन गेला असावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण चारही मुद्द्यांत एकच गफलत आहे. कराचा बोजा आणि कराने होणारी नासाडी या दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच खात्यात टाकल्या आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू. समजा राममारुती रोडच्या आसपास १०० रुपयांना मिसळ मिळते आणि महिन्याला १,००० प्लेट खपतात. (आकडे मी सोयीसाठी धरलेत, कुठल्या हॉटेलच्या वहीतले नाहीत.) प्लेटमागे २० रुपये कर बसला आणि हॉटेलवाल्याने तो पूर्ण गिऱ्हाइकावर टाकला. भाव १२० झाला. जे तरीही खातात ते २० रुपये जास्त देतात आणि ते सरकारकडे जातात. त्यातून रस्ता होईल, पगार होतील, काही पैसे वायाही जातील, पण पैसे कुणाच्या तरी हातात आहेत. हा बोजा.

आता दुसरा माणूस बघा. त्याच्या लेखी ही मिसळ ११२ रुपयांची आहे, म्हणजे तेवढे देऊनही त्याने खाल्ली असती. १०० ला मिळत होती तेव्हा त्याला १२ रुपयांचं समाधान वर मिळत होतं. १२० झाल्यावर तो उठतो आणि कोपऱ्यावरचा वडापाव खातो. त्याचे १२ रुपयांचे समाधान गेले आणि सरकारला त्याच्याकडून दमडी मिळाली नाही. ते १२ रुपये तिजोरीत नाहीत, हॉटेलात नाहीत, त्याच्या खिशातही नाहीत. हा डेडवेट लॉस. तो कराच्या पावतीवर कधीच दिसत नाही, कारण पावतीच फाटलेली नसते.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे, पण आकडा काढून बघू, कारण मेसेज सगळ्यात जास्त इथे फसलाय. मिसळीला पर्याय भरपूर: पोहे, इडली, घरचा डबा. म्हणून भाव २० टक्क्यांनी वाढल्यावर खप ३० टक्क्यांनी पडला असं धरू. म्हणजे ३०० प्लेट कमी. या ३०० जणांत कुणाला मिसळ १०१ ची वाटत होती, कुणाला ११९ ची. पहिल्याचा एक रुपया बुडाला, शेवटच्याचे १९. सरासरी माणशी १० रुपये, म्हणजे एकूण ३,००० रुपयांची नासाडी. आलेखावर काढलं तर हाच तो त्रिकोण: उंची २० रुपये, पाया ३०० प्लेट, क्षेत्रफळ त्याच्या निम्मं. सरकारला मिळाले उरलेल्या ७०० प्लेटचे १४,०००. दर १०० रुपये महसुलामागे साधारण २१ रुपये कुणाच्याच हाती न लागता गेले.

मेसेजच्या तर्कानं जायचं तर १,००० च्या हजार गिऱ्हाइकांनी मिसळ सोडली तर फारच छान, नुकसान शून्य! प्रत्यक्षात तेव्हा महसूल शून्य असतो आणि जे आहे ते निव्वळ नुकसान.

हीच गोष्ट मोठ्या रकमेत बघायची असेल तर ठाण्यात फ्लॅट घेताना भरायची स्टॅम्प ड्यूटी बघा. पुरुषाच्या नावावर घेतला तर मेट्रोचा अधिभार वगैरे धरून ७ टक्के. घोडबंदर रोडला राहणारा आणि वागळे इस्टेटला नोकरी असलेला माणूस आपला फ्लॅट विकून ऑफिसजवळ ८० लाखांचा घ्यावा म्हणतो. रोजचा गायमुख ते माजिवडा वनवास वाचवणं त्याला सगळं मिळून ४ लाखांचं वाटतं. स्टॅम्प ड्यूटी ५ लाख ६० हजार. तो हलत नाही. सरकारच्या नोंदणी कार्यालयात या व्यवहाराची ओळसुद्धा उमटत नाही, पण ४ लाखांचा फायदा होऊ शकत होता तो झाला नाही. फ्रान्सच्या ज्यूल द्युपुई या इंजिनिअरनं १८४४ साली पुलावरच्या टोलबद्दल लिहिताना नेमकं हेच पकडलं होतं: टोल न भरता मागे फिरलेला वाटसरू जमाखर्चात येत नाही, पण नुकसान त्याचंच असतं.

तिसरा मुद्दा वाचायला सगळ्यात न्याय्य वाटतो, म्हणून त्याला थोडी जागा देतो. मिसळीशेजारी केमिस्टचं दुकान घ्या. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली, तीही सोयीसाठी १०० रुपयांची, महिन्याला १,०००, कर तोच २० रुपये. डॉक्टरनं रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितलेली गोळी कुणी भाव वाढला म्हणून अर्धी करत नाही आणि भाव उतरला म्हणून दोन खात नाही. समजा खप २ टक्क्यांनी पडला, २० बाटल्या. त्रिकोण २० गुणिले २० च्या निम्मा: २०० रुपये. महसूल ९८० बाटल्यांचा, १९,६००. म्हणजे १०० रुपये गोळा करताना जेमतेम एक रुपया बुडाला. मिसळीला २१, गोळीला १. मागणी जितकी कमी हलते, तितके कमी व्यवहार मोडतात, आणि नासाडी मोडलेल्या व्यवहारांतच असते. सुटका नसणं हे बोजा मोठा असण्याचं कारण आहे, नासाडी मोठी असण्याचं नाही.

यावर कुणीतरी म्हणतंच, की अहो, औषधाला २० रुपये जास्त गेले की त्या माणसाची मिसळ बंद होणार, बाजार बसणार. खरं आहे, त्याचा खिसा हलका झाला आणि त्यामुळे इतर खरेदी घटेल. पण ते १९,६०० रुपये आता सरकार खर्च करतं, ते चलनातून गायब झालेले नाहीत. शिवाय वस्तूला हातही न लावता माणशी ठरावीक रक्कम वसूल केली असती तरी खिसा तितकाच हलका झाला असता. म्हणून काटेकोर हिशोबात हा परिणाम बाजूला काढतात आणि लवचिकता, म्हणजे भावाबरोबर मागणी किती हलते ते, मोजताना फक्त भाव बदलल्यामुळे माणूस जेवढी वस्तू सोडतो तेवढीच धरतात.

आणि गरजेची वस्तू म्हणजे अलवचिक मागणी, हे समीकरणही जसंच्या तसं धरू नका. पर्याय काय आहे यावर सगळं ठरतं आणि पर्याय कधी कधी फक्त पाच किलोमीटरवर असतो. डिझेल घ्या. तुर्भ्याच्या मार्केटमधून निघालेल्या ट्रकला डिझेलशिवाय गत्यंतर नाही. पण १ जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत डिझेलवरचा व्हॅट २४ टक्के होता आणि राज्यात बहुतेक ठिकाणी २१. पुण्याकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला टाकी हद्दीत भरायची की बाहेर, हे ठरवायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ट्रकची डिझेलची मागणी अलवचिक, पण नवी मुंबईच्या हद्दीतल्या डिझेलची मागणी बरीच लवचिक. दर सगळीकडे सारखा असता तर जो पंप सोयीचा तिथे टाकी भरली असती. तीन टक्क्यांच्या फरकासाठी गैरसोय पत्करणं, वाट वाकडी करणं, ही सगळी नासाडी. जुलै २०२४ पासून तीन शहरांचा दर २१ वर आणला गेला. एकाच वस्तूवर थोड्या अंतरावर वेगळा कर ठेवला, की अलवचिकतेचा फायदा आपण आपल्या हातानं घालवतो.

चौथा मुद्दा चटकन संपतो. मिसळीवर २० ऐवजी १० रुपये कर धरा. खप १५० ने पडेल, त्रिकोण १० गुणिले १५० च्या निम्मा, ७५० रुपये. २० ला तो ३,००० होता. कर दुप्पट, नासाडी चौपट, कारण त्रिकोणाची उंचीही दुप्पट होते आणि पायाही. महसूल मात्र ८,५०० वरून १४,००० वर, दुप्पटही नाही. म्हणजे पहिल्या दहा रुपयांच्या करात प्रत्येक रुपया मिळवताना ९ पैसे बुडत होते, पुढच्या दहात ४१ पैसे. आणखी ताणायचं म्हटलं तर या मिसळीवरून जास्तीत जास्त मिळू शकतात सुमारे १६,६६७ रुपये, ३३ रुपयांच्या कराला. तिथे निम्मी गिऱ्हाइकं गेलेली असतात आणि नासाडी महसुलाच्या निम्मी असते. त्याच्या पुढे कर वाढवला तर महसूल घटायला लागतो. गोळ्यांवरचे १९,६०० मिसळीवरून कुठल्याच दराने निघत नाहीत.

मग सगळा कर औषधांवर आणि मिठावर टाकायचा का? गणिती फ्रँक रॅम्सीनं १९२७ मध्ये मांडलेला नियम साधारण तिकडेच बोट दाखवतो: ठरावीक महसूल कमीत कमी नासाडीत हवा असेल तर मागणी जिथे कमी हलते तिथे दर जास्त ठेवा. पण त्या हिशोबाला माणूस गरीब की श्रीमंत हे दिसत नाही. मीठ सगळे जवळपास सारखंच खातात, म्हणून मिठावरचा कर कमी कमावणाऱ्याच्या पगाराचा मोठा तुकडा घेतो. १९३० चा सत्याग्रह त्रिकोण मोठा होता म्हणून झाला नव्हता. त्रिकोणात आणखी एक खोट आहे. गोळी सोडलेल्या त्या २० जणांचं नुकसान आपण त्यांच्या देण्याच्या तयारीवरून मोजलं. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याची तयारी ११० रुपयांवर संपते, म्हणून हिशोबात त्याचे १० रुपये बुडाले असं येतं. त्याच्या तब्येतीचं काय झालं ते येत नाही.

आपल्याकडे तडजोड कशी झाली आहे ते दरपत्रकात दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा शून्यावर. साध्या हॉटेलातल्या मिसळीवरही ५ टक्केच आहे. निव्वळ कार्यक्षमता बघणाऱ्याला हा सारखेपणा चुकीचा वाटेल, न्याय बघणाऱ्याला तो अपुरा वाटेल, आणि दोघांचा वाद खरा आहे. फक्त त्या वादात, औषधावरच्या करानं अर्थव्यवस्थेची सगळ्यात जास्त नासाडी होते, हा मुद्दा कुणाच्याच बाजूचा नाही.