कोशिंबिरीतले पाणी आणि ग्लासातले पाणी

"सूप आणि सॅलड म्हणजे नुसते पाणी. अर्ध्या तासात पोट पुन्हा रिकामे. त्यापेक्षा जेवणाआधी दोन ग्लास पाणी प्या, हवे तर इसबगोल घ्या, कॅलरी तेवढ्याच वाचतील."

असा एक निरोप बरेच जण पुढे पाठवतात. काकडीत शंभरातले सुमारे पंचाण्णव भाग पाणी असते, हे खरेच आहे. पण तो तिचा दोष नसून तीच तिची उपयुक्तता आहे. एका ग्रॅम अन्नात किती कॅलरी आहेत, याला ऊर्जाघनता म्हणतात. तेल-तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांत 4, तंतूंत सुमारे 2 आणि पाण्यात शून्य असतात. म्हणून पाणी आणि तंतू जास्त असलेले अन्न वजनाला भारी आणि कॅलरीला हलके असते. माणूस रोज साधारण सवयीच्या आकारमानाएवढे जेवतो. पोट ताणले गेल्याची जाणीव त्या आकारमानावर अवलंबून असते, आणि पोटाला त्यातल्या कॅलरी मोजता येत नाहीत.

मग तेच पाणी ग्लासातून का घेऊ नये? अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नेमके हेच तपासले. चोवीस स्त्रियांना दुपारच्या जेवणाआधी एकदा कोंबडी, भात व भाज्यांचा घट्ट पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी दिले, तर एकदा तेवढेच पाणी त्यातच मिसळून त्याचे सूप करून दिले. जिन्नस तेच आणि पाणीही तेवढेच होते. सोबतच्या पाण्याने पुढच्या जेवणात फरक पडला नाही. सूप घेतल्यावर मात्र त्यांनी सुमारे 100 कॅलरी कमी खाल्ल्या आणि रात्रीच्या जेवणात ती कसर भरून काढली नाही. नुसते पाणी जठरातून लवकर पुढे सरकते. अन्नात मिसळलेले पाणी त्या अन्नाबरोबर रेंगाळते. जेवणाआधी पाणी पिणे अगदीच व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही, उतारवयात त्याचा थोडा उपयोग दिसला आहे. पण ते साराच्या वाटीची जागा घेऊ शकत नाही.

हा निरोप पुढे पाठवणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, म्हणून कोशिंबिरीचे गणित कुठे बिघडते हे पाहिले पाहिजे. शंभर ग्रॅम काकडी आणि शंभर ग्रॅम टोमॅटो यांची कोशिंबीर अवघ्या 33 कॅलरींची होते. आता तिच्यावर आपल्याकडच्या पद्धतीने मोठा चमचाभर तेलाची फोडणी ओतली, की सुमारे 125 कॅलरी वाढतात. दोन चमचे शेंगदाण्याचा कूट आणखी सुमारे 85. वाडगा दिसायला तेवढाच राहतो, पण 33 च्या जागी सुमारे 240 कॅलरी होतात, म्हणजे जवळपास दोन पोळ्या. रोल्स यांच्याच 2004 च्या प्रयोगात हलके सॅलड आधी खाणाऱ्यांनी एकूण जेवणात कमी कॅलरी घेतल्या, तर चीज आणि तेलकट ड्रेसिंग घातलेले मोठे सॅलड खाणाऱ्यांनी जास्त. नागपुरात तर्रीचेही तसेच आहे: पातळ आहे म्हणून ती हलकी ठरत नाही, कारण वर तरंगणारा लाल तवंग म्हणजे तेलच, आणि त्याचा एक मोठा चमचा काढून ठेवला तर सुमारे 120 कॅलरी ताटाबाहेर राहतात. फोडणी अर्ध्या चमच्यावर आणून चव लिंबू, सांबार (कोथिंबीर) आणि मिरचीवर सोपवणे, हा मला सगळ्यांत सोपा उपाय वाटतो. सारातही साय किंवा भरपूर नारळ नको. तयार पाकिटाच्या सुपात मीठ बरेच असते, रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावे.

कोशिंबीर जेवणाआधी घ्यायची आणि तिच्यामुळे पुढच्या ताटातले काही कमी व्हायला हवे. तीन पोळ्यांऐवजी दोनच पुरल्या, तर एका पोळीच्या साधारण 120 कॅलरी वजा होतात आणि कोशिंबिरीच्या 33 मिळतात. निव्वळ बचत 87. पोळ्या तीनच राहिल्या, तर तेवढ्या 33 कॅलरींची भर पडते. त्यामुळे आठवडाभर फक्त पोळ्यांची संख्या लिहून ठेवावी. ती घटली नाही तर कोशिंबिरीने भूक कमी झालेली नाही. अर्ध्या तासात भूक लागत असेल, तर बहुधा कोशिंबीर हेच पूर्ण जेवण मानलेले असते. तिच्या मागून वरण, उसळ किंवा दही यायलाच हवे, कारण पोट ताणल्याची जाणीव ओसरल्यावर भूक थोपवण्याचे बरेचसे काम प्रथिने करतात.

इसबगोल हा उत्तम तंतू आहे, मात्र चमचाभर इसबगोल वाडगाभर भाजीचे आकारमान देत नाही आणि ते चावावेही लागत नाही. ते पुरेशा पाण्यासोबतच घ्यावे, नाहीतर घशात अडकण्याचा धोका असतो. तंतू कोणताही असो, तो एकदम वाढवला की पोट फुगते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. लहान मुले आणि वजन घटत चाललेली वृद्ध माणसे यांना आधी कोशिंबीर वाढू नये; त्यांचे पोट लवकर भरते आणि त्यांना थोडक्या घासांत जास्त कॅलरी हव्या असतात.