कनेक्टेड (पण मीडिया नाही): त्या तांदूळवाल्या मेसेजला उत्तर

«इअरबड कनेक्टेड दाखवतायत पण आवाज नाही? 1) कनेक्टेड दाखवतंय म्हणजे फोन शंभर टक्के ठीक, बडचा स्पीकर गेला. 2) आपल्या कोकणात खाऱ्या हवेने स्पीकर गंजतोच. 3) रात्रभर तांदळात ठेवा, सकाळी जाळीत सॅनिटायझरचे दोन थेंब टाका. 4) तरी नाही झालं तर फोन फॅक्टरी रिसेट, रामबाण उपाय. दुकानात जाऊ नका, लुटतील. सगळ्या ग्रुपवर पाठवा!»

हा मेसेज वेंगुर्ल्याच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने धडधाकट इअरबड तांदळाच्या डब्यात पुरले. सॅनिटायझरची बाटली हातात घेतली होती, तेवढ्यात फोन आला म्हणून जाळ्या वाचल्या. तिच्या बडमध्ये कॉल नीट ऐकू येत होते. फक्त यूट्यूबवरची भजनं बडमध्ये न वाजता फोनच्या स्पीकरवर वाजत होती. स्पीकर गेला असता तर त्याच बडमधून फोनवर बोलणारी माणसं कशी ऐकू आली असती? मेसेज लिहिणाऱ्याला हा साधा प्रश्न पडला नाही, आणि पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही.

सगळा घोळ पहिल्या मुद्द्यात आहे, त्यामुळे त्याच्यावर जरा थांबतो. होडी धक्क्याला लागली म्हणजे मासळी उतरली असं होत नाही. ब्लूटूथची जोडणी ही एक गोष्ट आणि त्या जोडणीवरून आवाज पाठवणं ही दुसरी. आवाजाच्याही दोन स्वतंत्र वाटा आहेत. गाणी, रील, सिनेमा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हॉइस मेसेज मीडियाच्या वाटेने जातात, तिला तांत्रिक भाषेत ए-टू-डी-पी म्हणतात. साधा कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल हँड्सफ्रीच्या वाटेने जातात, कारण तिथे माइकचा आवाज उलटही यावा लागतो. अँड्रॉइडमध्ये या दोन्ही वाटांना प्रत्येक उपकरणापुरतं वेगळं बटण आहे. एक बंद, दुसरं चालू असं सहज होऊ शकतं, आणि तरी बड जोडलेलेच राहतात.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, अँड्रॉइड स्वतःच तसं लिहून दाखवतं. ब्लूटूथच्या यादीत उपकरणाच्या नावाखाली बारीक अक्षरांत `Connected (no media)`, `Connected (no phone)` किंवा चक्क `Connected (no phone or media)` अशी ओळ येते. कनेक्टेड म्हणजे सगळं ठीक असतं, तर कंसातले हे शब्द कशाला घातले असते? काही कंपन्यांचे फोन कंस गाळून नुसतं कनेक्टेड दाखवतात, तेवढी सबब मेसेजवाल्याला देतो. पण मावशीच्या फोनवर ती ओळ कंसासकट होती. पहिला शब्द सगळ्यांनी वाचला, पुढचा कुणीच नाही.

आता बटणं कुठे आहेत ते. बड डबीतून काढून जोडलेले असू द्या. सेटिंगमध्ये `Connected devices` किंवा थेट `Bluetooth` उघडा. बडच्या नावावर बोट ठेवू नका, बऱ्याच फोनमध्ये त्याने जोडणीच तुटते. नावाच्या उजवीकडे दातेरी चाक किंवा गोलातला `i` असेल, तो दाबा. आतल्या पानावर `Media audio` असेल, काही फोनवर नुसतं `Audio`. त्याच्या शेजारी कॉलचं बटण, ते कुठे `Phone calls`, कुठे `Call audio`, कुठे `Calls`. दोन्ही चालू हवीत. त्याच पानावर `Contact sharing` असतं, त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. ते बंद असलं तरी बिघडत नाही. बटण चालू करूनही तीन-चार सेकंदांत आवाज आला नाही, तर बड एकदा डबीत घालून झाकण लावा आणि परत काढा. फोन बंद-चालू करून मात्र काही साधत नाही, कारण हे बटण त्या उपकरणाच्या नावे साठवलेलं असतं आणि जसं होतं तसंच परत येतं.

कुठलं बटण बंद आहे ते न उघडताही कळतं. एक गाणं लावा. ते बड सोडून फोनच्या स्पीकरवर वाजलं तर मीडियाचं बटण बंद आहे, किंवा खाली ओढायच्या पट्टीत गाण्याच्या चौकोनावर आवाजाचं ठिकाण म्हणून फोन निवडलेला आहे. गाणं बडमध्ये वाजतंय, पण कॉल उचलल्यावर फोन कानाला लावावा लागतो आणि कॉलच्या पडद्यावर ब्लूटूथचा पर्यायच दिसत नाही, तर कॉलचं बटण बंद. गाण्याची रेघ पुढे सरकतेय पण फोनवरही नाही आणि बडमध्येही नाही, तर आधी गाणं चालू असतानाच आवाज वाढवायची कळ दाबा. फोन प्रत्येक उपकरणाचा मीडिया आवाज वेगळा लक्षात ठेवतो, म्हणून स्पीकरचा आवाज पूर्ण असतानाही बडचा शून्यावर असू शकतो.

तरीही शांतता असेल तर आवाज भलतीकडेच चाललाय. इथे हल्ली मुख्य संशयित म्हणजे मनगटावरचं कॉलिंगवालं घड्याळ. ही स्वस्त घड्याळं फोनला स्पीकर म्हणूनही जोडली जातात, मीडिया आणि कॉल दोन्ही वाटा मागतात. मावशीच्या बाबतीत हेच झालं होतं. भजनं घड्याळावर चिरक्या आवाजात वाजू लागली म्हणून घरातल्या कुणीतरी `Media audio` बंद केलं, पण घड्याळाच्या नावापुढचं चाक दाबायच्या ऐवजी बडच्या नावापुढचं दाबलं. पुढे घड्याळ काढून ठेवलं, पण बटण तसंच बंद राहिलं. उपाय उलटा करायचा: बडचं `Media audio` चालू, घड्याळाचं बंद. घड्याळावर कॉल घ्यायचे नसतील तर त्याचं कॉलचं बटणही बंद करा. पावलं मोजणं आणि मेसेजची थरथर यांना यातली एकही वाट लागत नाही, ते चालूच राहतं.

एकाच वेळी दोन उपकरणांना जोडले जाणारे बड असतील तर आणखी एक जागा बघा. मुलाच्या टॅबवर काही वाजत असेल, तर बड त्याचंच धरून बसतात आणि तुमचा फोन ताटकळतो. टॅबचं ब्लूटूथ बंद करून पाहा.

आणि गाणं येतंय पण बुदलीतून आल्यासारखं, दोन्ही कानांत एकच, तर मीडियाचं बटण ठीक आहे. मागे कुठलं तरी अ‍ॅप माइक धरून बसलंय, म्हणून फोन कॉलच्या वाटेवर अडकला. त्या वाटेवर बहुतेक बडमध्ये सेकंदाला 8,000 किंवा 16,000 नमुनेच जातात, गाण्याच्या वाटेवर सहसा 44,100. मीटिंगचं किंवा खेळाचं अ‍ॅप पूर्ण बंद केलं की गाणं सुधारतं.

खाऱ्या हवेबद्दल अर्धं खरं आहे, कबूल करावंच लागेल. मालवण काय, गुहागर काय, किनाऱ्यावर मीठ दमट हवेत ओल धरतं आणि डबीतल्या चार्जिंगच्या टाचण्यांवर हिरवट थर चढतो. पण त्याची लक्षणं निराळी असतात. एक बड चार्जच होत नाही, म्हणून जोडलाही जात नाही, किंवा एका कानाचा आवाज आठवड्या-आठवड्याने मंद होत जातो, आणि तो तर बहुतेक वेळा कानातला मळ असतो. दोन्ही बड एकाच संध्याकाळी एकदम मुके, आणि फोनवर दोन्हींची बॅटरी नीट दिसतेय, हे गंजाचं काम नव्हे. टाचण्या कोरड्या कापूसकाडीने पुसा, एवढं पुरतं.

स्पीकर जिवंत आहे का, ते बघायची पद्धत फुकट आहे. डबीतून बड काढून लगेच कानात घाला. जोडणी झाल्यावर टुंग किंवा बाईचा आवाज येतो तो फोनमधून येत नाही, बडच्या आतल्या चिपमध्येच साठवलेला असतो आणि त्याच स्पीकरमधून वाजतो. तो ऐकू आला, गाणं नाही, तर बड ठणठणीत आहेत. तोही आला नाही आणि दुसऱ्या फोनला जोडूनही दोन्ही वाटा गप्प, तर मग बिघाड खराच.

तांदळाबद्दल जास्त लिहवत नाही. आषाढात आपल्या डब्यातला तांदूळ स्वतःच ओल धरून असतो, तो कुणाची ओल शोषणार? वर त्याची पूड जाळीत बसते. सॅनिटायझर त्याहून वाईट: जाळी चिकटवलेला गोंद सैल पडतो आणि बाहेरचा मळ पातळ होऊन आत, थेट स्पीकरच्या पडद्यावर उतरतो. आधी बिघडलेलं सेटिंग होतं, आता खरंच स्पीकर जाईल, आणि मेसेज खरा ठरल्यासारखं वाटेल.

फॅक्टरी रिसेटने मात्र आवाज येतो. हो, खरंच येतो, म्हणूनच हा मेसेज इतका फिरतोय. येतो याचं कारण फोन पुसताना बडची जुनी नोंद पुसली जाते आणि नव्याने जोडल्यावर दोन्ही बटणं सहसा आपोआप चालू असतात. तेवढ्यासाठी फोटो, बॅकअप नसलेल्या चॅट आणि प्रत्येक यूपीआय अ‍ॅपची नोंदणी घालवायची? त्याच चाकाच्या पानावर `Forget` किंवा `Unpair` असतं. ते दाबा, बड परत जोडा, नेमकी तेवढीच नोंद पुसली जाते आणि बाकी फोनला धक्का लागत नाही.

आयफोनवाल्यांनी ही बटणं शोधत बसू नये, तिथे ती नाहीत. गाण्यासाठी कंट्रोल सेंटरमधल्या गाण्याच्या चौकोनात आवाजाचं ठिकाण निवडायचं. कॉल बडमध्ये येत नसेल तर `Settings > Accessibility > Touch > Call Audio Routing` इथे `Automatic` ठेवायचं.