अक्का बोलू लागल्या की

गटचर्चेचा आराखडा कागदावर इतका देखणा दिसतो, की गावात माणसे राहतात याचा करणाऱ्याला विसर पडतो. नळयोजनेच्या पाण्याविषयी ८ बायकांशी दीडेक तास बोलायचे, प्रश्न ६, सुरुवात सोप्या प्रश्नाने आणि तक्रारींचा विषय गट मोकळा झाल्यावर, असे सगळे आमच्या क्षेत्रकार्याच्या वहीत ठरले होते. सासू-सून एका गटात बसवायची नाही, हाही नियम आम्ही पाळला होता. आठातली एक आली नाही तर तिच्या जागी सासू आपणहून येऊन बसेल, यासाठी मात्र वहीत रकाना नव्हता.

अक्का आल्या त्या थेट माझ्यासमोर बसल्या. मॉडरेटरसमोरची जागा बोलक्या माणसाला मिळू नये, कारण मान वर केली की नजर तिथेच जाते आणि नजर गेली की समोरच्याला ते आमंत्रण वाटते. ‘पाणी कधी येतं?’ या प्रश्नाला अक्कांनी १९७२च्या दुष्काळापासून सुरुवात केली, खडी फोडण्याच्या कामावर बराच मुक्काम केला आणि ‘आता काय, तोटी सोडली की पाणी,’ असा निकाल दिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि डोललेल्या मानेला उत्तर समजण्याचा मोह मला फार झाला. पण टिपणे घेणाऱ्या मैत्रिणीने प्रत्येकीला बसण्याच्या क्रमाने आकडा दिला होता, आणि तिच्या पानावर ओळीने ३, ३, ३ असेच उमटले होते. मध्ये एकदा ‘५ : खोकला’.

अक्कांना गप्प करणे शक्य नव्हते आणि शहाणपणाचेही नव्हते, कारण त्या निम्म्या गटाच्या चुलतसासू होत्या आणि त्यांच्याबरोबर सगळाच गट गप्प झाला असता. चहा आला तेव्हा मी उठून त्यांच्या शेजारी बसले. शेजारच्याकडे मान वळवल्याशिवाय पाहता येत नाही, एवढीच त्यातली सोय. ‘अक्का, तुमचं लिहून घेतलं. आता टाकीपासून लांब राहणाऱ्यांचं ऐकू,’ असे म्हणून मी थांबले. ही शांतता काही सेकंदांचीच असते, पण ती मॉडरेटरने स्वतः मोडायची नसते, आणि शेजारी अक्का श्वास भरत असताना वहीत डोके खुपसून बसणे हे मोठेच कष्टाचे काम आहे.

शेवटी ७ क्रमांकाची बोलली, ‘आमच्याकडं रात्री दोनला येतं.’ तिचे घर चढावरच्या आळीत. खालचे नळ बंद झाल्याशिवाय तिथे दाबच पोहोचत नाही. ५ क्रमांकाने खोकला आवरून भर घातली, ‘मोटार लावून ओढतात ना.’ सगळ्यांनी अक्कांकडे पाहिले. कोण ओढते, हे मी विचारले नाही, कारण चर्चा संपल्यावर नाव घेणारीला त्याच आळीत राहायचे असते; असा धागा पुढे एकेकीला भेटूनच उचलावा लागतो.

६ क्रमांकापुढे पान शेवटपर्यंत कोरे राहिले. ती अक्कांची सून. तिच्यासाठी केवळ सुनांचा निराळा गट ठरवला, आणि त्या वेळी अक्का तिकडे फिरकू नयेत म्हणून नेमक्या त्याच वेळेला त्यांची स्वतंत्र मुलाखत मागितली. अक्कांनी सकाळी आठ ते जेवणापर्यंतची वेळ दिली, आणि जेवूनच जायचे, असेही बजावले.